३१ मार्चचं बिल, पण विक्री एप्रिलची: कट-ऑफ तपासणीचा माझा अनुभव

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑडिट माझ्याकडे होतं. कट-ऑफ तपासणीत प्रत्येक विक्री-खरेदी योग्य वर्षात नोंदली का, ते पाहायचं असतं. ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला गेलो तेव्हाच शेवटचं विक्री बिल, शेवटचा गेटपास आणि माल आल्याची शेवटची पावती म्हणजे जीआरएन, यांचे नंबर लिहून घेतले. हे नंबर त्याच दिवशी घ्यावेत. मागाहून मिळालेल्या नंबरांवर माझा तरी भरवसा बसत नाही.

मे महिन्यात ३१ मार्चच्या अलीकडची-पलीकडची बिलं काढून गेट रजिस्टर आणि बिल्टीशी ताडून पाहिली. एका बिलावर अडलो. पंप कोलकात्याला गेले होते, बिल १८,४०,००० रुपयांचं (जीएसटी सोडून). बिल, ई-वे बिल, गेटपास, सगळ्यांवर ३१ मार्चच. वरवर पाहिलं तर सगळं चोख. पण ऑर्डरमध्ये 'एफओआर कोलकाता' लिहिलेलं, म्हणजे माल पोहोचेपर्यंत जोखीम आपली, वाटेतला विमाही आपलाच. पोहोच पावती मागवली, तिच्यावर ५ एप्रिलचा शिक्का.

अकाउंटंट काका म्हणाले, "अहो साहेब, मार्चच्या रिटर्नमध्ये जीएसटी भरलाय. मग विक्री मार्चची नाही कशी?"

हा प्रश्न दरवर्षी कुठे ना कुठे येतोच, आणि तो रास्त आहे. जीएसटीत माल हलवताना बिल करावंच लागतं, म्हणून मार्चचं रिटर्न बरोबरच होतं. हिशेबाच्या पुस्तकात मात्र मालाचा ताबा आणि जोखीम ग्राहकाकडे गेली की विक्री. रिटर्नला हात लावायचा नाही. दोन आकड्यांतला फरक वार्षिक जुळवणीत दाखवायचा. हे कागदावर मांडून दाखवल्यावर काकांना पटलं. विक्री १८,४०,००० ने कमी केली, पंपांची किंमत १४,२०,००० 'वाटेतला माल' म्हणून स्टॉकमध्ये घेतली. नफा ४,२०,००० ने उतरला.

खरेदीत उलटा प्रकार निघाला. ३० मार्चला आलेलं ६,३०,००० चं कास्टिंग मोजणीत धरलं होतं, पण बिल एप्रिलमध्ये टाकलेलं. स्टॉक आहे, देणं नाही. म्हणजे तेवढा नफा फुगलेला. हे पकडायला आवक रजिस्टरवरून सुरुवात करावी लागते. मार्चच्या नोंदलेल्या बिलांवरून निघालात तर न नोंदलेलं बिल दिसणार कसं?

कोइंबतूरहून एक्स-वर्क्स घेतलेल्या मोटारी तर ना खरेदीत होत्या, ना स्टॉकमध्ये. २९ मार्चला निघाल्या, २ एप्रिलला पोहोचल्या. जोखीम तिथल्या दारातच आपल्याकडे आलेली, म्हणून खरेदी आणि वाटेतला माल, दोन्ही मार्चमध्ये घेतले. नफ्यावर परिणाम शून्य, त्यामुळे नफ्याचं प्रमाण पाहून ही चूक कधीच सापडत नाही. एप्रिलच्या पहिल्या जीआरएन काढून त्यांच्या बिल्टीची तारीख आणि ऑर्डरची अट वाचली, तेव्हाच ती हाती लागली.