सभासद नव्हतो, तरी करार मलाही लागला

२०१६ साली मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशिनवर होतो. युनियनशी वाद झाल्यामुळे दीड वर्षापूर्वीच सभासदत्वाचा राजीनामा दिला होता. २०१६ मध्येच कंपनी आणि युनियनमध्ये पगारवाढीचा करार झाला: महिन्याला ४,००० रुपये वाढ, मागच्या ११ महिन्यांचा फरक, आणि त्या बदल्यात पाळीला २४० ऐवजी २७० नग.

फरकाची पगारचिठ्ठी हातात आली तेव्हा जमा बाजूला ४४,००० होते आणि कपातीत 'युनियन निधी ४,४००'. करारात फरकाच्या दहा टक्क्यांचं कलमच होतं. शिवाय त्याच महिन्यापासून १०० रुपये वर्गणी कापायला सुरुवात झाली. मी सही केली नाही, मी सभासद नाही, मग माझा पैसा का कापता, असं मी मनुष्यबळ विभागात विचारलं. उत्तर मिळालं, "करार सगळ्यांना लागू आहे." कशाच्या आधारावर, हे कुणी सांगेना. कराराची प्रत मात्र मागितल्यावर दिली.

ती घेऊन मी कामगार आयुक्त कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी आकडे पाहिलेच नाहीत, पहिलं पान पाहिलं. "हा १२(३) खालचा नाही, १८(१) खालचा आहे," ते म्हणाले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाची कार्यवाही चालू असताना झालेला, म्हणजे १२(३) चा करार कारखान्यातल्या सगळ्यांना बांधतो. सभासद असो वा नसो, नंतर भरती झालेला असो, सुटका नाही. पण मालक आणि युनियनने आपापसात बसून केलेला, म्हणजे १८(१) चा करार मूळ कायद्यानुसार फक्त करार करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. आमच्या करारावर समेट अधिकाऱ्याची सही नव्हती. मला वाटलं, आपण सुटलो.

त्या आनंदात मी वकिलांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "युनियन मान्यताप्राप्त आहे का?" मी म्हणालो, नोंदणी आहे. "नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी." महाराष्ट्रात युनियनच्या मान्यतेसाठीच्या १९७१ च्या कायद्याखाली, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यतेचं प्रमाणपत्र देतं. आणि आपल्या राज्याने १८(१) ला एक परंतुक, म्हणजे अपवादाची ओळ, जोडलं आहे: मान्यताप्राप्त युनियन असेल तर असा करार तिच्याशीच करायचा, आणि तो सर्व कामगारांना लागू होतो. बडतर्फी, कामगार कपात, निलंबन असे विषय तेवढे यातून वगळले आहेत. आमच्या युनियनचं प्रमाणपत्र फलकावर लावलेलं होतं. रोज त्याखालून जात होतो, वाचलं कधी नव्हतं.

म्हणजे २७० नगही माझ्यावर बंधनकारक होते. पण ४,४०० चं काय? त्यावर वकिलांनी बामर लॉरी कंपनीच्या मुंबईतल्या कामगारांचा निकाल काढला. सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९८४. तिथे करारात फरकाच्या १५ टक्के रक्कम मान्यताप्राप्त युनियनच्या निधीसाठी कापण्याचं कलम होतं. मान्यता नसलेल्या दुसऱ्या युनियनने त्याला आव्हान दिलं आणि ती हरली. करार सगळ्यांवर बंधनकारक आहे आणि त्याचे फायदे घेणाऱ्यांना त्यातलं हे कलमही लागतं, असा त्याचा आशय. मला तो निकाल आजही कडू वाटतो. पण फरक खिशात घालून कपात तेवढी नाकारायची, या माझ्या म्हणण्यात जोर नव्हता, हे मी मान्य केलं.

"करार मोडून बाहेर पडता येईल का?" मी विचारलं. एकट्याला नाही. मुदत संपल्यावर करार संपवण्याची नोटीस बांधील कामगारांच्या बहुमताच्या वतीनेच देता येते, आणि नोटिशीनंतरही करार दोन महिने चालू राहतो.

उरले १०० रुपये. तिथे मात्र आमचं पारडं जड होतं. करारात मासिक वर्गणीचा शब्दही नव्हता, आणि वेतन प्रदान कायद्याखाली युनियनची वर्गणी पगारातून कापायला कामगाराची लेखी संमती लागते. मी कधीच संमती दिली नव्हती. मी कंपनीला अर्ज दिला: राजीनाम्याची पोच, तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, आणि संमतीपत्र असल्यास दाखवावं ही मागणी. कपातीबद्दल दावा करायला तेव्हा बारा महिन्यांची मुदत होती, म्हणून तारखेसह पोच घेतली. दावा करावा लागला नाही. पुढच्या पगारात ३०० रुपये परत आले आणि कपात थांबली.

हे सगळं जुन्या कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात ५१ टक्के सभासद असलेली एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ही कल्पना आहे. त्यामुळे आताच्या करारासाठी माझी कलमं जशीच्या तशी धरू नका. मी मात्र अजूनही कोणताही करार हातात आला की आधी पहिलं पान पाहतो, मग शेवटच्या पानावरच्या सह्या.