हनुवटीखालचा हिरवा रंग

'नवरीच्या हिरव्या शालूमुळे हनुवटीखाली आणि मानेवर हिरवट झाक येते. व्हाइट बॅलन्स बदलला तर अख्खा चेहरा गुलाबी होतो. मग काढायची कशी?'

व्हाइट बॅलन्सचा इथे उपयोग नाही, कारण तो सगळ्या फोटोला एकसारखा लागतो. कपाळावर आणि गालावर आकाशाचा स्वच्छ उजेड असतो. शालूवरून उसळलेला हिरवा उजेड फक्त जबड्याच्या खालच्या बाजूला लागतो. म्हणून दुरुस्तीही तेवढ्याच जागेत करायची.

आधी मोजा. फोटोशॉपमध्ये Info पॅनल HSB वर ठेवून गालावर आयड्रॉपर फिरवा. समजा, गालाचा ह्यू २२ आला आणि हनुवटीखाली ५२. निरोगी त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. झाक पडली की हिरवा लालच्या अगदी जवळ येतो आणि ह्यू पिवळ्याकडे सरकतो. म्हणजे डोळ्याला हिरवी दिसणारी ती जागा आकड्यांत पिवळी असते. Greens निवडून स्लायडर ओढत बसणाऱ्यांचं म्हणूनच काही हलत नाही.

Hue/Saturation ॲडजस्टमेंट लेयर घ्या, Yellows निवडा. Saturation क्षणभर +100 करा, म्हणजे नेमका कुठला भाग पकडला गेला ते भडक दिसेल. खालच्या पट्टीवरचे टोक सरकवून तो भाग नीट बसला, की Saturation पुन्हा शून्यावर आणा आणि Hue उणे २५च्या आसपास न्या. आता मास्कवर Ctrl+I दाबून परिणाम लपवा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो १० ते १५ टक्के ठेवून, हनुवटीखाली आणि मानेवर हळूहळू रंगवा. लेयरचा ब्लेंड मोड Color ठेवा. Normal ठेवलात तर ह्यू लालकडे जाताना सावली जास्त गडद होते आणि जबड्याखाली मळ साचल्यासारखं दिसतं.

ठुशी मात्र सांभाळा! सोनंही याच पिवळ्यात येतं आणि ती नेमकी गळ्यातच असते. ब्रश तिच्यावरून गेला की सोन्याचं तांबं होतं. मानेवर खरी हळद लागली असेल तर तीही राहू द्या, ती झाक नव्हे.

ह्यू गालाइतका २२ करायचा हट्ट नको. मी २८-३०वर थांबते. पदराच्या काठाला अगदी लागून असलेल्या त्वचेवर थोडा हिरवा हवाच, नाहीतर चेहरा दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवलेला वाटतो.

नारिंगी भिंतीवरून चेहऱ्यावर उसळलेल्या उजेडाचं प्रकरण वेगळं. त्वचेचा स्वतःचा ह्यू नारिंगीच असल्यामुळे तो फारसा बदलत नाही, सॅच्युरेशन तेवढं चढतं. गालाच्या उजळ बाजूला ४० टक्के आणि भिंतीकडच्या बाजूला ६० दिसलं, तर Hue ला हात न लावता Reds आणि Yellows या दोन्हींचं Saturation तशाच मास्कमधून उतरवा. पन्नाशीखाली आलं की पुरे. त्याहून खाली नेलं तर ती बाजू राखाडी पडते.