पैसे कुठल्या बाजूला जातात

संध्याकाळी सहाला फिल्म पाठवायची होती. सकाळी साडेनऊला माझ्या आत्यानं ती मोबाइलवर पाहिली आणि म्हणाली, "पिन घातला की पैसे यायलेत की गं हिच्याकडं."

मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या स्टुडिओत काम करते. चित्रं आणि क्लिप आम्ही आता बऱ्याचदा एआयकडून बनवून घेतो. प्रॉम्प्ट लिहायचं काम माझं, जोडणी आणि अक्षरं आमच्या एडिटरची. हे काम एका पेमेंट अ‍ॅपचं होतं. चाळीस सेकंदांची उभ्या चौकटीतली अ‍ॅनिमेशन फिल्म, चित्र एकच आणि त्यावर आवाज दोन, एक मराठी आणि एक कन्नड. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या लहान दुकानदारांना ती दाखवायची होती. फिल्म सुरक्षित वाटली पाहिजे आणि सोपी वाटली पाहिजे, एवढंच क्लायंटनं ठासून सांगितलं होतं.

पात्र ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर आत्याच होती. वडगावात तिच्या घरी माग आहे आणि साड्या ती घरूनच विकते. कोल्हापूरची, गोव्याची गिऱ्हाइकं फोटो बघून फोनवर मागणी देतात. म्हणून फिल्ममध्येही मागवाली बाई घेतली, आणि पाठवण्याआधी आत्याला दाखवायला गेले.

तिनं ज्या जागी बोट ठेवलं ते दृश्य पाच सेकंदांचं होतं. बाई फोनवर पिन दाबते, स्क्रीनभोवती निळी ढाल चमकते आणि सोन्याची नाणी उडत फोनमध्ये शिरतात. बाई हसते. माझा प्रॉम्प्ट असा होता:

```
Flat 2D animation, Indian woman shopkeeper
enters PIN on payment app, safe and secure,
simple, glowing shield, coins flying, happy
```

नाणी कुठून कुठे उडायची ते मी लिहिलंच नव्हतं. आनंदी चेहरा आणि नाणी एका वाक्यात आली की एआय बहुधा पैसे माणसाकडेच येताना दाखवतं. मी ती क्लिप वीसेक वेळा पाहिली असेल. हसरी बाई, स्वच्छ रंग, ढाल, सगळं मनासारखं होतं. नाण्यांची दिशा मला एकदाही खटकली नाही.

आत्याला खटकली, कारण मागच्या वर्षी तिचे चार हजार आठशे रुपये याच चुकीनं गेले होते. फोन आला, "कॅम्पातनं बोलतोय, लष्करात आहे, सहा साड्या पाहिजेत." बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. लष्करातला माणूस म्हटलं की इथं कुणी जास्त विचारत नाही, आणि तो फोन करणारा नेमका त्याच विश्वासावर बोलत होता. पैसे पाठवतो म्हणून त्यानं क्यूआर कोडचा फोटो पाठवला. "स्कॅन करा, पिन घाला, जमा होतील." तिनं केलं, आणि पैसे तिच्या खात्यातून गेले.

"मला बी त्यानं असंच सांगितलेलं," ती म्हणाली. "तुझी फिल्म तेच सांगायलीय."

मी गप्प बसले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, नाहीतर खात्यातली शिल्लक बघताना. घेताना पिन घालावा लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. व्यक्तीनं व्यक्तीकडे अ‍ॅपवरून पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. पण क्यूआर पाठवून "पैसे येतील" म्हणणाऱ्याची वाट त्यानं बुजत नाही, कारण तिथं माणूस स्वतःच पैसे देत असतो. आणि आमच्या फिल्ममध्ये पिन, मग नाणी आत, मग हसू, असा क्रम होता. आवाजात कितीही सावध वाक्य घातलं असतं तरी डोळ्यांनी जे पाहिलं तेच लक्षात राहिलं असतं.

स्टुडिओत पोहोचल्यावर एडिटरनं पहिला उपाय सुचवला की क्लिप उलटी चालवू, नाणी बाहेर जातील. करून पाहिलं. नाणी बाहेर गेली, पण मागे ठेवलेल्या चहाची वाफ कपात शिरायला लागली आणि बाईचं हसू मावळत गेलं. पैसे दिल्यावर तिला पश्चात्ताप झालाय असं वाटत होतं. ते सोडून दिलं. क्लायंटला फोन करून आत्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. नाणी त्यांना आवडली होती. तरी ऐकून घेतल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वेळ दिला.

मग मी 'सुरक्षित' आणि 'सोपं' हे दोन्ही शब्द प्रॉम्प्टमधून काढून टाकले. इंग्रजीत सेफ म्हणजे तिजोरीसुद्धा, त्यामुळे आमच्या दोन क्लिपमध्ये मागाच्या शेजारी लोखंडी तिजोरी येऊन बसली होती. सिक्युअर लिहिलं की कुलूप, ढाल आणि निळा उजेड येतो. कुलूप नको म्हणून 'नो लॉक' लिहिलं तर कुलूप बऱ्याचदा येतंच, कारण त्याचं नाव आपणच घेतलेलं असतं. नको त्या गोष्टींची वेगळी चौकट असेल तर ती तिथं लिहावी. नसेल तर त्या जागी काय हवं आहे तेवढंच लिहावं. आणि हवं ते म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल असं काहीतरी. सुरक्षितता दिसत नाही, हात दिसतात.

म्हणून कागदावर दोन ओळी लिहिल्या. पैसे घेताना बाईचे दोन्ही हात साडीत गुंतलेले असतील आणि फोन बाजूला पडलेला असेल. पैसे देताना ती आधी थांबेल, समोरच्याचं नाव वाचेल, आणि मगच अंगठा खाली येईल. गिऱ्हाईक असो वा सूत व्यापारी, समोरचा माणूस कायम चौकटीच्या उजव्या बाजूला आणि बाई डाव्या. एवढं पाळलं की नाणी कुठं चालली आहेत ते न वाचता कळतं.

घेण्याच्या दृश्यानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. बाई आणि फोन एका चौकटीत आले की हात फोनकडे जातोच. पहिल्या चार प्रयत्नांत ती साडी टाकून फोन उचलत होती, पाचव्यात तिसरा हात आला. शेवटी बाई आणि फोन वेगळे केले. आधी घडी पडण्याआधीचं आणि घडी पडल्यानंतरचं अशी दोन स्थिर चित्रं बनवून पक्की केली आणि तीच क्लिपची पहिली आणि शेवटची चौकट म्हणून दिली. सुरुवात आणि शेवट दोन्ही बांधले की मधल्या पाच सेकंदांत एआयला भटकायला फार जागा उरत नाही. प्रॉम्प्टमध्ये हालचाल एकच ठेवली:

```
Static medium shot, flat 2D animation.
Woman, 50, green cotton sari, pallu over
her left shoulder, glasses. Both hands hold
a red sari and fold it once. Loom behind
her at rest. Calm face.
```

बाईचं हे वर्णन मी प्रत्येक शॉटमध्ये शब्दशः तेच ठेवलं. 'हिरवी साडी' एकदा 'पोपटी' लिहिली तर बाईचा चेहराही बदलतो, हे आधीच्या कामात भोगलं होतं. फोन दुसऱ्या क्लिपमध्ये घेतला, फळीवर पडलेला, किंचित थरथरणारा. एडिटरनं दोन्ही एकाखाली एक बसवले. वर घडी पडते, खाली फोन थरथरतो आणि पैसे जमा होतात.

फोनच्या पडद्यावर एआयकडून एकही अक्षर घेतलं नाही. देवनागरीतल्या मात्रा भलत्याच अक्षरावर बसतात, कन्नडचंही तेच, आणि रुपयाच्या खुणेचा मधूनच डॉलर होतो. पडदा कोरा मागून घेतला, आणि नाव, रक्कम, नाणी असं सगळं एडिटरनं वरून चढवलं. त्यामुळे मराठी आणि कन्नड अशा दोन प्रतीही सहज निघाल्या. बाईला बोलायला लावलं नाही, कारण ओठ एका भाषेत हलले असते तर दुसऱ्या आवाजाशी जुळले नसते. शेवटच्या पाटीवर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या आकड्यांत घेतला, आणि पैसे गेले तर लगेच फोन करा, असं एक वाक्य.

देण्याच्या दृश्यात मला थांबा हवा होता. एआयला नुसतं 'थांबते' सांगून भागत नाही, क्लिप चालू आहे म्हणजे काहीतरी हललंच पाहिजे अशा पद्धतीनं ते चालतं. म्हणून थांबण्यालाच हालचाल दिली. अंगठा पडद्यावरून उचलला जातो, बाई चष्मा नीट करते आणि वर बघते. त्या दोन सेकंदांत पडद्यावर सूत व्यापाऱ्याचं खात्यावरचं नाव दिसतं. मग पिन, आणि नाणी तिच्यापासून दूर, उजवीकडे. क्लायंटचं म्हणणं होतं की दोन सेकंद लांबतात, सोपं वाटणार नाही. मी त्यांना सांगितलं की आत्याला वाचायलाच दोन सेकंद लागतात, तेवढे दिले नाहीत तर ते तिच्यासाठी सोपं नाही. ते दोन सेकंद राहिले.

एआयनं मात्र व्यापाऱ्याला डावीकडे उभं केलं. डावं-उजवं बघणाऱ्याचं की पात्राचं, यात त्याचा नेहमी घोळ होतो. वेळ कमी होता, एडिटरनं क्लिप आरशासारखी पलटली आणि व्यापारी उजवीकडे आला.

रात्री नऊला पुन्हा वडगावात गेले. आवाज बंद करून फोन आत्याच्या हातात दिला आणि काय चाललंय ते सांग म्हटलं.

"साडीची घडी घालायलीय. पैसे आले."

"तिनं काय केलं त्यासाठी?"

"काय करायचंय? हात कुठं मोकळे हायत तिचे?"

पुढचं दृश्य आलं. तिनं स्वतःचा चष्मा वर ढकलला. "नाव वाचायलीय. आता दिले बघ सूतवाल्याला." मग ती थांबली, फिल्म मागे घेऊन तेच दृश्य पुन्हा पाहिलं. "पदर उजव्या खांद्यावर का घेतलाय गं हिनं?"

क्लिप पलटली तेव्हा पदरही पलटला होता. स्टुडिओत आम्हा दोघांनाही दिसला नव्हता. तिथूनच एडिटरला फोन लावला. साडेअकराला नवी क्लिप झाली. या वेळी व्यापाऱ्याला स्थिर चित्रातच उजवीकडे बसवून घेतलं होतं, पदर डाव्या खांद्यावर. आत्या झोपली असेल म्हणून ती मी तिला सकाळी पाठवली.