खाद्याचा हिशोब जुळेना, मग रोजची नोंद नीट लावली: माझा अनुभव

माझी लेयरची, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची बॅच आहे, पिंजऱ्यातली, 18 व्या आठवड्याला 2000 पक्षी शेडमध्ये भरले होते. वही पहिल्या दिवसापासून होती, म्हणजे नोंद ठेवत नव्हतो असं अजिबात नाही. रोज तीन आकडे लिहायचो: किती गोण्या फोडल्या, किती मेले, किती अंडी. आणि या तीन आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास होता, तिथेच चूक झाली.

साधारण 34 व्या आठवड्याची गोष्ट. एक दिवस बसून प्रति पक्षी खाद्य काढलं. आठवड्यात 30 गोण्या, 50 किलोची एक, म्हणजे 1500 किलो. भागिले 2000 पक्षी, भागिले 7 दिवस, आलं 107 ग्रॅम. या वयाला आमच्या जातीच्या पक्ष्याला 110 च्या आसपास लागतं असं ब्रीडच्या चार्टवर होतं, त्यामुळे मला वाटलं पक्षी कमी खातायत, उद्या अंडी उतरतील. मी शेडवरच्या काकांना सांगितलं, संध्याकाळी थोडं वाढवून टाका. आणि विषय संपला असं समजलो.

दोन-तीन आठवडे गेले, अंडी जशीच्या तशी, ना वाढली ना कमी झाली, पण स्टोअरमधलं खाद्य अंदाजापेक्षा लवकर संपायला लागलं. वहीत तर 30 च गोण्या दिसतायत! आधी मला उंदरांचा संशय आला, मग वाटलं गोणीतच माल कमी येतोय, म्हणून पाच गोण्या काट्यावर ठेवून पाहिल्या, वजन बरोबर होतं. मग ठरवलं की एक आठवडा सगळं मोजूनच करायचं.

सगळ्यात आधी पक्षी मोजले. प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभं राहून, दोघांनी, एकाने मोजायचं एकाने लिहायचं. 1962 भरले. म्हणजे 2000 मधून 38 गेले होते, त्यातले 31 मेलेले आणि 7 मी स्वतः काढलेले (अंडी न देणारे, लंगडे). मेलेले वहीत होते, काढलेले 7 कुठेच नव्हते, कारण माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता. आणि मूळ गोष्ट म्हणजे मी भागाकार अजून 2000 नेच करत होतो. जो पक्षी शेडमध्ये नाही तोसुद्धा माझ्या हिशोबात खात होता.

तेव्हापासून सकाळचे पक्षी, मेलेले, काढलेले असे तीन वेगळे रकाने केले आणि सकाळचा आकडा आदल्या दिवसातून वजा होऊन येतो. मेलेल्याच्या पुढे ओळ नंबर पण लिहितो. एकाच ओळीत दोन-तीन दिवस मर दिसली तर आधी त्या ओळीचं पाणी बघायचं, निप्पल चालतायत का ते, हे एवढ्यासाठीच.

आठवड्याचा हिशोब किती पक्ष्यांनी भागायचा हा प्रश्न बऱ्याच जणांचा गोंधळ करतो. माझं साधं आहे, सातही सकाळचे आकडे बेरीज करायचे. त्या आठवड्यात 1962, 1961, 1961 आणि मग चार दिवस 1960, बेरीज 13,724. याला पक्षी-दिवस म्हणा. मर दोनच होती त्यामुळे फार फरक पडला नाही, पण ज्या आठवड्यात मर जास्त असते तेव्हा सोमवारचा आकडा धरून चाललात तर अंड्यांचा टक्का खाली दिसतो आणि आपण उगाच घाबरतो.

आता अंडी. इथे पण एक गडबड होती. संध्याकाळची शेवटची फेरी कधी पाचला व्हायची कधी सहाला, उशिराची अंडी पिंजऱ्यातच राहायची आणि दुसऱ्या दिवसात मोजली जायची, त्यामुळे एक दिवस खाली एक दिवस वर असा आकडा नाचायचा आणि मी त्यात आजार शोधत बसायचो. आता शेवटची फेरी ठरलेल्या वेळेलाच. आणि फुटलेली, तडकलेली, पातळ कवचाची सगळी धरून एकूण घातलेली अंडी एका रकान्यात, विक्रीची दुसऱ्या रकान्यात. टक्का एकूण अंड्यांवरच काढायचा, कारण पक्ष्याने तर अंडं घातलंय, फुटलं ते आपल्याकडे.

त्या आठवड्याची एकूण अंडी 12,340. भागिले 13,724, म्हणजे 89.9 टक्के. जुन्या पद्धतीने 2000 पक्षी धरले असते तर 88.1 आला असता. तो दुसरा आकडा पण खोटा नाही, भरलेल्या पक्ष्यावर किती अंडी मिळाली ते त्यातून कळतं, मर किती महाग पडली तेही दिसतं, पण आज शेडमधला पक्षी कसा घालतोय ते पहिल्याच आकड्याने कळतं. दोन्ही मिसळू नका.

मग खाद्य, जिथे खरं पाणी मुरत होतं. मी गोण्या फोडल्या की लिहायचो. पण स्टोअरमध्ये सुटं खाद्य ठेवायचे दोन ड्रम होते, पूर्वी कधीतरी भरून ठेवलेले, आणि त्यातून काढलेलं कोणी कुठे लिहीत नव्हतं. म्हणून यावेळी गोण्या मोजल्याच नाहीत, स्टॉक मोजला. सोमवारी सकाळी, पक्ष्यांना टाकायच्या आधी: 9 बंद गोण्या म्हणजे 450 किलो, अधिक ड्रममध्ये 190, एकूण 640. आठवड्यात माल आला 1500. पुढच्या सोमवारी त्याच वेळेला परत मोजला, 9 गोण्या आणि ड्रममध्ये 115, एकूण 565. म्हणजे गेलं 640 अधिक 1500 वजा 565, बरोबर 1575 किलो. आणि फोडलेल्या गोण्या 30 च, म्हणजे 1500. 75 किलोचा फरक!

काकांना विचारलं, "काका, संध्याकाळी किती टाकता?"

"दोन बादल्या, ड्रममधून. तुम्हीच म्हणालात ना वाढवून टाका म्हणून."

बादली काट्यावर ठेवली, साडेपाच किलोच्या जरा आत भरली. दोन बादल्या सात दिवस म्हणजे 75 किलोच होतात की. काकांची काही चूक नव्हती, त्यांनी सांगितलेलं केलं. चूक माझ्या 107 ग्रॅमच्या आकड्यात होती. बरोबर पक्ष्यांनी भागलं असतं तर तेच 1500 किलो 109 ग्रॅम आले असते, आणि वाढवायची गरजच नव्हती.

आता खरं खाद्य धरून पाहिलं तर प्रति पक्षी 114.8 ग्रॅम. एफसीआर म्हणजे एक किलो अंड्यांमागे किती किलो खाद्य लागलं, त्यासाठी अंड्यांचं वजन लागतं, ते मी आठवड्यातून एकदाच घेतो, ठरलेल्या दिवशी, वेगवेगळ्या ओळींतून तीन ट्रे, 90 अंडी, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करून. आलं 5 किलो 238 ग्रॅम, म्हणजे सरासरी 58.2. 12,340 अंडी गुणिले 58.2, अंड्यांचं वजन 718 किलो. 1575 भागिले 718, एफसीआर 2.19. गोण्यांवरून काढला असता तर 2.09, आणि मी खूश होऊन बसलो असतो. डझनाचा हिशोब करणाऱ्यांसाठी, एका डझनाला 1.53 किलो खाद्य. पण मी वजनावरचाच धरतो, कारण बॅच तरुण असताना अंडं लहान असतं आणि डझनाचा आकडा ते लपवतो.

एफसीआर रोज काढायच्या फंदात पडू नका. फीडरच्या पन्हाळीत काल किती उरलं, आज गोणी अर्धी राहिली का, यानेच रोजचा आकडा इकडे-तिकडे होतो. रोज नोंद, आठवड्याला हिशोब. माझ्या शीटमध्ये एवढंच आहे, B सकाळचे पक्षी, C मेलेले, D काढलेले, F अंडी, आणि J मध्ये वरून खाली सुरुवातीचा स्टॉक, आलेला माल, शेवटचा स्टॉक, अंड्याचं सरासरी वजन ग्रॅममध्ये:

```
B3: =B2-C2-D2
टक्का: =SUM(F2:F8)/SUM(B2:B8)*100
ग्रॅम: =(J2+J3-J4)/SUM(B2:B8)*1000
FCR: =(J2+J3-J4)/(SUM(F2:F8)*J5/1000)
```

पण प्रश्न राहिलाच होता, ते जास्तीचं खाद्य गेलं कुठे? पक्ष्याने खाल्लं असतं तर अंड्याचं वजन किंवा पक्ष्याचं वजन थोडं तरी हललं असतं. थंडी पडली की पक्षी जास्त खातो, पिसं झडलेला पण जास्त खातो, खाद्यात ऊर्जा कमी असली तरी तसंच, पण यातलं आमच्याकडे काही बदललं नव्हतं. म्हणून एका ओळीतल्या 120 पक्ष्यांखाली 24 तास प्लास्टिकचा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी वरचं गोळा केलं, विष्ठा चाळून काढली, निव्वळ खाद्य वजन केलं: 640 ग्रॅम. पक्ष्यामागे 5.3 ग्रॅम जमिनीवर. 1960 पक्ष्यांना सात दिवस लावून बघा, 73 किलो होतात. 75 कुठे गेले ते सापडलं. संध्याकाळच्या बादल्यांनी पन्हाळ काठोकाठ भरायची, पक्षी चोचीने बाजूला ढकलायचा आणि खाद्य खाली. हे आधी पण खाली दिसत असणार, पण विष्ठेत मिसळलेलं लक्षात येत नाही.

मग दोन बादल्या बंद. पन्हाळ एक तृतीयांशच भरायची, आणि तेच खाद्य दिवसात दोनऐवजी तीन वेळा टाकायचं. मधूनमधून पन्हाळीत हात फिरवून खाद्य सारखं करायचं, याने पक्षी उठून खायला येतो. पहिल्या आठवड्यात काकांना काळजी वाटत होती की पक्षी उपाशी राहतील, म्हणून संध्याकाळी दिवे बंद करायच्या आधी पन्हाळ दोघांनी मिळून बघायचो, तळाला पातळ थर राहिलेला असायचा. पूर्ण कोरडी दिसली तर मात्र खरंच कमी पडतंय.

तिसऱ्या आठवड्याचा हिशोब: पक्षी-दिवस 13,690, खाद्य 1506 किलो, म्हणजे बरोबर 110 ग्रॅम. अंडी 12,295, टक्का 89.8. सरासरी वजन 58.4. एफसीआर 2.10. अंडी तेवढीच आणि आठवड्याला जवळजवळ 70 किलो खाद्य कमी.

आता महिन्यातून एकदा पक्षी मोजतो आणि एकदा कागद अंथरतो, दरवेळी वेगळी ओळ. मागच्या वेळी 120 पक्ष्यांखाली 130 ग्रॅम भरलं. फक्त भिंतीकडच्या ओळीत अजून त्याच्या दुप्पट पडतंय, तिथली पन्हाळ एका जागी वाकून पुढे झुकलीये, ती बदलायची आहे.