कन्सेंट रिन्यूअल अडलं ते एका जुन्या पाइपमुळे – माझा अनुभव

रबाळ्याला माझा छोटा प्लेटिंगचा गाळा आहे. झिंक डायकास्टची हँडल आणि नॉब येतात, त्यावर सायनाइड कॉपर स्ट्राइक, मग निकेल, मग क्रोम. बरेच जण सुचवतात की सायनाइड सोडा आणि ॲसिड कॉपर करा, पण झिंकवर थेट ॲसिड कॉपर मारलं की खालचं झिंकच खाल्लं जातं आणि नंतर फोड येतात, म्हणून पहिला थर सायनाइडचाच. बाजूला स्टीलच्या पार्ट्सचं एचसीएल पिकलिंग आहे. म्हणजे ॲसिड आणि सायनाइड एकाच छताखाली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटच्या रिन्यूअलचा फॉर्म, फी, पाण्याचे रिपोर्ट सगळं सुरळीत झालं. इन्स्पेक्शननंतर मात्र पत्र आलं, "सेग्रिगेशन व कंटेनमेंट अपुरे". बस, एवढंच. कुठे अपुरे, किती अपुरे, काही नाही. मी फोटो जोडून उत्तर दिलं, दीड महिन्याने तेच वाक्य परत आलं. खिडकीवर गेलो तर साहेब व्हिजिटला, पुढच्या वेळी फाइल दुसऱ्या टेबलावर. असे चार महिने गेले, आणि एका गिऱ्हाइकाने कन्सेंटची कॉपी मिळेपर्यंत माल पाठवणं बंद केलं. अजून चीड येते, कारण एक ओळ नीट लिहिली असती तर आठवड्यात काम झालं असतं.

शेवटी मी स्वतःच शोधायला बसलो. आधी टाकी फुटली तर सांडलेलं अडवणाऱ्या कट्ट्याचा हिशोब केला. सर्वांत मोठी टाकी 800 लिटरची, तिच्या 110 टक्के म्हणजे 880 लिटर कट्ट्यात मावायला हवं. सायनाइडच्या बाजूची जमीन 3 मीटर बाय 2 मीटर, कट्टा 15 सेंटीमीटर, म्हणजे 900 लिटर, पुरलं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण आत आणखी दोन टाक्या जमिनीला टेकून उभ्या आहेत, त्यांनी दीड चौरस मीटर जागा अडवलीय. उरलेल्या साडेचार चौरस मीटरमध्ये 675 लिटरच मावतं! कट्टा 25 सेंटीमीटर केला तेव्हा 1125 झालं. टाकीखालची जागा वजा करायला विसरू नका, फक्त जी टाकी फुटेल तिची वजा करायची नाही, कारण तिच्यातही पाणी त्याच लेव्हलला राहतं.

तरी मन मानत नव्हतं. मग एका रविवारी लाइन बंद ठेवून ॲसिडची बाजू भरपूर पाण्याने धुतली, पट्टीने पीएच बघितला, सायनाइडच्या बाजूचा खड्डा पूर्ण उपसून धुऊन घेतला (हे आधी, नाहीतर हा प्रयोग करूच नका) आणि होळीचा गुलाबी रंग कालवून दोन बादल्या पाणी ॲसिडच्या जाळीत ओतलं. दहा मिनिटांत सायनाइडच्या खड्ड्यात गुलाबी धार! फोरमन काका म्हणाले, "शेठ, आधीच्या भाडेकरूने पावसाचं पाणी काढायला इथनं पाइप टाकला होता." लादीखाली दोन इंची पीव्हीसी, इतकी वर्षं कुणाला दिसला नाही. पिकलिंगची टाकी कधी फुटली असती तर ॲसिड सरळ सायनाइडच्या पाण्यात गेलं असतं आणि एचसीएन हा जीवघेणा वायू सुटला असता.

आणि ॲसिडच पाहिजे असंही नाही. पीएच 9.2 ला निम्मं सायनाइड एचसीएन होऊन बसतं, 7 ला जवळजवळ सगळं, म्हणजे साधं पाणी भरपूर गेलं तरी धोका आहे. म्हणून आता त्या खड्ड्यात कायम कॉस्टिक टाकून पीएच 11 च्या आसपास ठेवतो, रोज सकाळी पट्टी लावून वहीत लिहितो. वासावर विसंबू नका, कडू बदामाचा वास सगळ्यांना येतच नाही.

पाइप उकरून दोन्ही तोंडं सिमेंटने बंद केली, ॲसिडच्या बाजूला एफआरपी लायनिंग केलं कारण नुसतं काँक्रीट एचसीएल खाऊन टाकतं, आणि दोन्ही बाजूंना वेगळे खड्डे, वेगळे पंप. गुलाबी पाण्याची चाचणी परत केली, यावेळी खड्डा कोरडा. तो व्हिडिओ आणि कट्ट्याचा हिशोब जोडला, अठरा दिवसांत कन्सेंट हातात.

एक राहिलंच, ब्लोअरचं. पिकलिंग आणि सायनाइड टाकीचे डक्ट एकाच हेडरला जोडलेले असतील तर आधी ते तोडा. डक्टच्या सखल जागी दोन्हीकडची वाफ थंड होऊन एकत्र साठते, तीच भेट तिथेही होते. माझे वेगळेच होते, पण सायनाइडच्या डक्टच्या खालच्या वाकणाला ड्रेन नव्हता, तो मी आत्ता बसवला, आणि निघालेलं पाणी सायनाइडच्याच खड्ड्यात सोडतो.