खांद्याच्या एमआरआयमधले चार मिलिमीटर

उजवा हात वरच्या फळीकडे नेताना खांद्यात कळ येत असे आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिले होते: सुप्रास्पायनेटस टेंडनचा पार्शल टेअर, सांध्याच्या बाजूने, खोली ४ मिमी, ग्रेड २. म्हणजे हात उचलणाऱ्या एका स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याला पडलेली अर्धवट चीर. मी त्यातला ‘टेअर’ एवढाच शब्द वाचला आणि ऑपरेशन ठरल्यातच जमा धरून डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी पडद्यावर काळ्या पट्टीसारखा दिसणारा टेंडन दाखवला. त्याच्या खालच्या कडेत एक पांढरी रेघ शिरली होती. ते फटीत साचलेले पाणी. “ही रेघ वरच्या कडेपर्यंत पोहोचली आहे का, ते पाहा,” असे ते म्हणाले. पोहोचली नव्हती. टेंडनची जाडी साधारण १२ मिमी धरली, तर ३ मिमीपर्यंतची चीर ग्रेड १, ३ ते ६ मिमी ग्रेड २ आणि त्याहून खोल, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, ती ग्रेड ३. आरपार गेलेली चीर या मोजणीतच येत नाही, तिला फुल थिकनेस म्हणतात. ही वर्गवारी मुळात दुर्बिणीतून पाहून केलेली असल्याने एमआरआयवरचा मिलिमीटरभर फरक फार मनावर घ्यायचा नसतो, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी माझा हात वर धरायला लावून खाली दाबला. दुखले, पण हात टिकला, आणि ऑपरेशन न करण्याच्या निर्णयात या तपासणीचे वजन चित्राइतकेच होते.

चीर भरून येईल का, असे मी विचारले. उत्तर अनपेक्षित होते: बहुधा पुरती भरणार नाही, पण दुखणे थांबायला ती भरावीच लागते असे नाही. दुखण्याचा मोठा भाग सुजलेल्या बर्सातून, म्हणजे टेंडनवरच्या घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशवीतून येतो. शिवाय रोटेटर कफमधले, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार स्नायूंच्या वेढ्यातले, बाकीचे तीन स्नायू बळकट झाले, की हात उचलताना ते हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात आणि उरलेल्या धाग्यांवरचा ताण कमी होतो.

व्यायाम बारा आठवड्यांचा होता. आधी भिंतीवर हात दाबून धरणे, नंतर कोपर कुशीला टेकवून रबरी पट्टा बाहेर ओढणे, आणि पाठीच्या फऱ्याचे स्नायू कामाला लावणे. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटते म्हणून मी डोक्यावर वजन उचलले आणि पुढच्या दोन रात्री जागून काढल्या. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने नियम घालून दिला: व्यायामाने दुखणे दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलेले असावे.

सहाव्या आठवड्यात त्या कुशीवर झोप लागली, अकराव्यात वरच्या फळीवरचा डबा विनासायास काढता आला. पुन्हा एमआरआय काढायचा का, असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “चीर कदाचित तशीच दिसेल, आणि तुम्ही उगाच घाबराल.” हात अचानक उचलता येईनासा झाला, तर मात्र वाट न पाहता यायचे आहे.