सव्वा सेंटिमीटर कुठे गेला

रात्री पावणेदहाला कुकर उतरवत होते तर माझ्या परळच्या ट्यूशनमधल्या अकरावीच्या पोराचा फोटो आला. जर्नलचं ऑब्झर्व्हेशन टेबल, खाली मेसेज, "ताई उद्या सबमिशन, फक्त कन्क्लूजन आणि एररचं सांगा ना". पेंड्युलमवरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा प्रयोग. फोटोवर ट्यूबलाइटचा चमचमता पट्टा, एका ठिकाणी 34 आहे की 31 तेच कळेना, मग शेजारच्या T च्या, म्हणजे एका दोलनाच्या वेळेच्या, रकान्यात 1.70 दिसलं तेव्हा वीस दोलनांना 34.0 सेकंद हे नक्की झालं.

एररखाली त्याने आधीच "हवेचा अवरोध व मानवी चूक" लिहून टाकलं होतं. हे वाक्य पोरं पाठच करून येतात आणि सर लोक न वाचता टिक मारतात. अरे पण हवेने झोका हळूहळू लहान होतो, दोलनकाळ जवळपास तेवढाच राहतो.

मी g चा रकाना वरून खाली वाचला. 60 सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला 955, मग 956, 959, 964, आणि 100 ला 963. मुंबईत साधारण 979 यायला हवं. स्टॉपवॉच दाबताना हात चुकला असता तर काही आकडे वर गेले असते काही खाली, इथे सगळेच कमी, आणि साधारणपणे दोरा जितका आखूड तितका फरक मोठा. म्हणजे प्रत्येक लांबीत सारखंच काहीतरी धरायचं राहिलंय, ते साठात जास्त टोचतं, शंभरात कमी. लांबी L विरुद्ध T² चा ग्राफ काढला, रेषा शून्यातून जायच्या ऐवजी L च्या अक्षाला शून्याच्या सव्वा सेंटिमीटर खाली कापत होती.

फोन लावला. "लांबी कुठपर्यंत मोजलीस रे?"

"दोरा जिथे गोळ्याला लागतो तिथपर्यंत."

"आणि गोळ्याचा व्यास?"

"घेतला ना ताई, व्हर्निअरने, 2.4. पण टेबलात त्याचा रकानाच नव्हता."

त्रिज्या 1.2! लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. प्रत्येक L मध्ये 1.2 मिळवले तर सगळे g 973 ते 977 मध्ये आले, चढण गेली. उरलेला फरक स्टॉपवॉचचा, त्याचा लीस्ट काउंट 0.1 सेकंद, शंभर सेंटिमीटरला वीस दोलनांच्या 40.5 सेकंदांत तो पाव टक्का, T चा वर्ग होतो म्हणून दुप्पट, अर्धा टक्का म्हणजे g मध्ये पाचेक.

"मग पुस्तकातलं 980 च लिहू?" म्हणाला. मी ओरडलेच. जुने आकडे खोडायचे नाहीत, शेजारी नवा रकाना आखायचा, एररमध्ये त्रिज्या आणि स्टॉपवॉच, कन्क्लूजनमध्ये g साधारण 974, कमीजास्त 5.

परवा जर्नल परत आलं. लाल पेनाने "980 अपेक्षित", अर्धा मार्क कट. त्याच्या बेंचवरच्या मित्राला पाचही ओळींत बरोब्बर 980 आलंय, त्याला पूर्ण मार्क. पोरगा मला काही बोलला नाही, नुसतं पान पुढे सरकवलं.